मिस्टरी शॉपर भेटीला गुण कसे द्यायचे: स्वागत, वस्तूची माहिती, बिल आणि वागणूक

ओळख न सांगता दुकानात गिऱ्हाईक म्हणून जायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, काहीतरी विकत घ्यायचं आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. एवढं बहुतेक सगळे नीट करतात. माझ्याकडे तपासायला येणारे रिपोर्ट परत पाठवावे लागतात ते गुणांमुळे. सेल्समन गोड बोलला म्हणून त्याच्या चुकीच्या उत्तरालाही पूर्ण गुण मिळालेले असतात. एकच चूक तीन रकान्यांत कापलेली असते. जे घडायची वेळच आली नाही, तिथे ‘नाही’ लिहिलेलं असतं. या गुणांवर दुकानातल्या माणसांचा इन्सेंटिव्ह अवलंबून असू शकतो, म्हणून प्रत्येक गुणामागे तुम्ही पाहिलेली, ऐकलेली किंवा मोजलेली एक गोष्ट असायलाच हवी.

सगळं एका उदाहरणावरून सांगते. नाशिकमधलं घरगुती वस्तूंचं एक दोन मजली दुकान, शनिवारची संध्याकाळ. काम असं: प्रेशर कुकरची चौकशी करायची, पण कुकर घ्यायचा नाही. परतफेडीची मर्यादा ४०० रुपये, तेवढ्यात दोन-तीन लहान वस्तू घ्यायच्या. गुण एकूण १००: स्वागत २०, वस्तूची माहिती ३०, बिल ३०, वागणूक २०. तुमच्या फॉर्ममध्ये वाटणी वेगळी असेल, पण क्रम आणि नियम हेच राहतात.

## टप्पा १: घरून निघण्यापूर्वी

ब्रीफ, म्हणजे भेट ठरवणाऱ्या एजन्सीनं पाठवलेल्या सूचना, दोनदा वाचा. पहिल्यांदा काय करायचं आहे ते समजायला, दुसऱ्यांदा प्रत्येक प्रश्नाचं ‘हो’ नेमकं कशाला म्हणायचं ते ठरवायला. ‘वेळेत स्वागत झालं का?’ असा प्रश्न असेल तर वेळ म्हणजे किती सेकंद, घड्याळ दारापासून सुरू करायचं की विभागात पोचल्यापासून, आणि सिक्युरिटी गार्डचा नमस्कार धरायचा का, हे ब्रीफमध्ये शोधा. सापडलं नाही तर निघण्यापूर्वी एजन्सीला विचारा. भेट झाल्यावर विचारलंत तर उत्तर आपल्या आठवणीच्या सोयीनं वळतं.

प्रश्नांची बरोबर उत्तरं आधी स्वतः शिका. ही तयारी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. कुकर इंडक्शनवर चालतो का हे तुम्हालाच ठाऊक नसेल, तर समोरचा ज्या ठामपणे बोलेल त्यालाच तुम्ही ज्ञान समजाल. आपल्या उदाहरणात तीन प्रश्न ठरले होते. प्रत्येकाचं उत्तर कुठून मिळवायचं ते बघा.

पहिला, ‘हा इंडक्शनवर चालेल का?’ नुसत्या ॲल्युमिनिअमच्या तळाचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. तळाला लोहचुंबक चिकटेल असा पोलादी थर लागतो, आणि खोक्यावर तसा उल्लेख असतो.

दुसरा, ‘वॉरंटी कशाकशावर आहे?’ कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं वॉरंटी कार्ड वाचून ठेवा. रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे झिजणारे भाग वॉरंटीतून वगळलेले असतात का, ते मुद्दाम बघा.

तिसरा, ‘डाळ लावताना किती भरायचा?’ फेस येणारे किंवा फुगणारे पदार्थ असतील तर पाण्यासकट निम्म्यापर्यंत, एरवी दोन तृतीयांशापर्यंत. तेही माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं.

जाता जाता आणखी एक. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह २०२१ पासून सक्तीचं आहे. मानक क्रमांक आयएस २३४७. ‘चिन्ह नसलं तरी चालतं’ असं कोणी म्हणालं तर ती चूक म्हणून नोंदवता आली पाहिजे.

स्वतःची एक गोष्ट तयार ठेवा. ‘घरात चार माणसं, गॅस आणि इंडक्शन दोन्ही, जुना कुकर पाच लिटरचा.’ एवढं पुरे. गोष्ट जितकी तुमच्या खऱ्या घराजवळची, तितकं अडखळणं कमी.

> इशारा: दुकानात ओळखीचं कोणी काम करत असेल, किंवा महिन्याभरापूर्वी तिथे तुमचं भांडण झालं असेल, तर काम घेऊ नका. दोन्हीकडून गुण वाकतात.

## टप्पा २: वेळ आणि नोंदी

अंदाजानं लिहिलेली वेळ मला लगेच ओळखू येते, कारण त्या रिपोर्टमध्ये सगळं १ मिनिट, २ मिनिटं, ५ मिनिटं असं गोल गोल असतं. वेळ टिपायचा साधा मार्ग म्हणजे स्वतःलाच मेसेज पाठवणं. दारातून आत येताना ‘आत’, विभागात पोचल्यावर ‘कुकर’, कोणी बोलल्यावर एक टिंब, रांगेत लागल्यावर ‘रांग’, बिल हातात आल्यावर ‘बिल’. फोन बघणारं गिऱ्हाईक कुणाला खटकत नाही. मेसेजखाली फक्त मिनिटं दिसतात, त्यामुळे पहिल्या मिनिटातले सेकंद मनात मोजा.

मोठ्या नोंदी मात्र आत करू नका. दुकानातून बाहेर पडून कोपऱ्यापलीकडे गेलात की फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करा, आठवेल त्या क्रमानं, दोन-तीन मिनिटं. कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत बोला. ‘वॉरंटीबद्दल चुकीचं सांगितलं’ या नोंदीचा उपयोग नाही. ‘पाच वर्षं, सगळ्यावर, काही टेन्शन नाही’ ही नोंद रिपोर्टला आधार देते.

कर्मचाऱ्याचं नाव नेमटॅगवरून घ्या. टॅग नसेल तर नाव खोदून विचारू नका. विभाग, अंदाजे वय, उंची, चष्मा, शर्टाचा रंग एवढं लिहा. ‘जाडा’, ‘काळा’ अशी वर्णनं किंवा आडनावावरून काढलेले अंदाज रिपोर्टमध्ये नकोत. तो कागद त्या माणसाच्या साहेबासमोर जाणार असतो.

## टप्पा ३: स्वागत (२० गुण)

आपल्या फॉर्ममध्ये तीन प्रश्न होते. आत आल्यापासून ६० सेकंदांत कर्मचाऱ्यानं दखल घेतली का (८), शब्दांत स्वागत केलं का (६), आणि विभागात पोचल्यापासून २ मिनिटांत कोणी मदत विचारली का (६).

प्रत्यक्षात घडलं ते असं. दारातला गार्ड म्हणाला, ‘बॅग इकडे ठेवा.’ साधारण ४० व्या सेकंदाला शिडीवर चढून डबे लावणाऱ्या मुलीनं खाली बघून मान हलवली, हसली, पण बोलली नाही. कुकरच्या रॅकपाशी पोचल्यावर मेसेजच्या वेळेनुसार दुसरं मिनिट संपायच्या आत एका सेल्समननं विचारलं, ‘काय बघताय, मॅडम?’

गार्डचं वाक्य ही सूचना आहे, स्वागत नाही. शिवाय ब्रीफमध्ये गार्ड धरायचा नाही असं स्पष्ट होतं. मुलीनं मान हलवली ती दखल झाली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे ८ मिळाले. शब्दांतलं स्वागत झालं नाही, म्हणून दुसऱ्याचे ०. तिसऱ्याचे ६. एकूण १४.

इथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण म्हणतात, ‘ती हसली ना, मग शब्दांचेही गुण देऊ.’ काही जण म्हणतात, ‘नमस्कार म्हणाली नाही, मग दखलच नाही.’ फॉर्मनं दखल आणि शब्द वेगळे ठेवलेत, तर तुम्हीही वेगळेच मोजा.

गर्दी होती म्हणून गुण वाढवू नका. गर्दीची नोंद शेऱ्यात करा: तळमजल्यावर सुमारे १५ गिऱ्हाइकं, दिसलेले कर्मचारी ३, चालू कॅश काउंटर २. दुकानाच्या मॅनेजरला त्या आकड्यांवरून बरंच कळतं. तुम्ही मनातल्या मनात सूट दिलीत तर त्याला काहीच कळत नाही.

> तपासणी: स्वागताच्या प्रत्येक ‘हो’पुढे कोण, कुठे आणि कितव्या सेकंदाला किंवा मिनिटाला, हे तिन्ही लिहिलंय का?

## टप्पा ४: वस्तूची माहिती (३० गुण)

या भागात गुण सर्वांत जास्त वाकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी सेल्समनला बोलू द्या. आत शिरताच तिन्ही प्रश्न फेकलेत तर ‘त्यानं गरज विचारली का?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच मारून टाकता. ‘कुकर बघायचा होता’ एवढंच म्हणून गप्प बसा. चांगला सेल्समन स्वतःहून विचारतो: किती माणसं, गॅस की इंडक्शन, ॲल्युमिनिअम हवा की स्टील. त्यानं विचारलं नाही आणि तो सरळ खोकी काढू लागला, तर तेही दिसेल. दहा-पंधरा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण भरून काढू नका.

नंतर ठरलेले प्रश्न एकेक करून, मध्ये बोलणं होऊ देऊन विचारा. शब्द ब्रीफमधलेच ठेवा, पण सूर घरचा. ‘वॉरंटीमध्ये कोणकोणते घटक समाविष्ट आहेत?’ असं कोणी विचारत नाही. ‘वॉरंटी कशाकशावर आहे हो?’ असं विचारतात. आणि उत्तर सुचवू नका. ‘रिंग वॉरंटीत येत नाही ना?’ असं विचारलंत की तो ‘नाही येत’ म्हणतो, आणि तुमचं ज्ञान त्याच्या खात्यात जमा होतं.

आपल्या भेटीत सेल्समननं घरात किती माणसं ते आणि शेगडी कोणती ते विचारलं. फॉर्मवर याचे ८ होते, ते पूर्ण मिळाले. इंडक्शनच्या प्रश्नावर त्यानं कुकर उलटा करून तळ दाखवला, खोक्यावरचं चिन्ह दाखवलं आणि शेजारचा साध्या तळाचा कुकर चालणार नाही हेही सांगितलं. ६ पैकी ६. वॉरंटीवर तो म्हणाला, ‘पाच वर्षं, सगळ्यावर, काही टेन्शन नाही.’ त्या मॉडेलच्या कार्डावर रिंग आणि व्हॉल्व्ह वगळलेले होते. ६ पैकी ०. डाळीबद्दल म्हणाला, ‘निम्म्याच्या वर जाऊ नका, नाहीतर शिटीतून फेस येतो.’ ६ पैकी ६.

वॉरंटीच्या उत्तराला अर्धे गुण द्यावेसे वाटतात, कारण ‘पाच वर्षं’ हा भाग बरोबर होता. फॉर्ममध्ये अर्ध्या गुणांची सोय नसेल तर देऊ नका. प्रश्न ‘कशाकशावर’ असा होता आणि त्याचं उत्तर चुकलं. गिऱ्हाईक दोन वर्षांनी रिंग बदलून मागायला येईल तेव्हा हेच वाक्य त्याच्या लक्षात असेल. अर्धं बरोबर काय होतं ते शेऱ्यात लिहा.

आता या भागातला पाचवा प्रश्न, ४ गुणांचा: ‘उत्तर ठाऊक नसताना कर्मचाऱ्यानं खोकं, पुस्तिका किंवा सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली का?’ इथे बहुतेक जण ‘नाही’ लिहितात, कारण वॉरंटीचं उत्तर चुकलं आणि त्यानं कार्ड काढून पाहिलं नाही. पण ‘मला ठाऊक नाही’ असं तो कधी म्हणालाच नाही. आपल्याला येतं असं समजून त्यानं उत्तर दिलं, आणि त्या चुकीचे ६ गुण आधीच गेले आहेत. हा प्रश्न माहीत नसल्याचं मान्य केल्यानंतरच्या वागण्याबद्दल आहे. तशी वेळ आली नाही, म्हणून उत्तर ‘लागू नाही’. ते ४ गुण मिळवलेल्यातूनही जातात आणि शक्य गुणांतूनही.

म्हणून या भागात २६ पैकी २० झाले.

> इशारा: ‘लागू नाही’ म्हणजे ‘मी विचारायला विसरलो’ नव्हे. प्रश्न विचारायचा राहिला तर तसं एजन्सीला कळवा. विसरलेल्याला ‘लागू नाही’मध्ये लपवलं की दुकानाची टक्केवारी फुगते किंवा घसरते, आणि पुढच्या महिन्याच्या भेटीशी तुलना करता येत नाही.

सेल्समन हसतमुख होता, पाणी हवं का विचारत होता, बसायला खुर्ची दिली. हे सगळं वागणुकीच्या रकान्यात जाईल. माहितीचे गुण भरताना मी शॉपरना एक युक्ती सांगते: त्याची तीन उत्तरं कागदावर लिहा आणि तीच वाक्यं एखाद्या तुसड्या माणसानं म्हटली असती तर किती गुण दिले असते, ते स्वतःला विचारा. आकडा बदलत असेल तर तुम्ही स्वभावाला गुण देत आहात.

## टप्पा ५: बिल (३० गुण)

बिलाचं गणित काउंटरवर जाण्यापूर्वीच झालेलं असलं पाहिजे. वस्तू उचलताना प्रत्येकीची एमआरपी, शेल्फवरची किंमत आणि लावलेली सूट फोनमध्ये टिपा. ब्रीफमध्ये परवानगी असेल तर शेल्फच्या लेबलचा फोटो घ्या. घरी विचारायला म्हणून लोक असे फोटो काढतातच.

वस्तू निवडतानाही डोकं लावा. एक साधी एमआरपीची वस्तू, एक सूट असलेली, आणि एका वस्तूचे दोन नग. या तीन प्रकारांत बिलाच्या बहुतेक चुका उघड्या पडतात. आपण घेतलं ते:

- कुकरची रिंग, एमआरपी १२०, सूट नाही: १२०
- स्टीलचा झारा, एमआरपी १८०, शेल्फवर १० टक्के सूट: १६२
- भांडी घासायचे स्क्रबर, २५ चे दोन: ५०

अपेक्षित बिल ३३२ रुपये. हा आकडा रांगेत उभं राहण्यापूर्वी लिहिलेला होता.

कॅशिअरनं दिलेलं बिल ३५० चं होतं. झाऱ्याला १८० लावले होते, सूट बसली नव्हती. फरक १८ रुपये.

चूक दिसली की काय करायचं? आपल्या ब्रीफनुसार स्कॅनिंग चालू असताना गप्प राहायचं होतं. मध्येच ‘यावर सूट आहे ना?’ म्हटलंत तर चाचणीच मोडते. पैसे देऊन बिल हातात आल्यावर, काउंटर सोडण्यापूर्वी, साध्या आवाजात सांगायचं: ‘झाऱ्यावर दहा टक्के लिहिलं होतं.’ तसं केलं. ५०० ची नोट दिली होती, १५० परत मिळाले होते. कॅशिअरनं सुपरवायझरला बोलावलं, त्यानं शेल्फवर जाऊन लेबल पाहिलं, तीन मिनिटांत १८ रुपये परत दिले आणि दुरुस्त बिल दिलं.

आता गुण. फॉर्ममध्ये पाच प्रश्न होते. सगळ्या वस्तू योग्य नगांसह बिलात आल्या का: हो, ६. मूळ किंमत एमआरपीशी जुळली का: हो, १०. जाहीर केलेली सूट आपोआप बसली का: नाही, ६ पैकी ०. न मागता बिल मिळालं का: हो, ४. सुटे पैसे बरोबर मिळाले का: हो, ४. एकूण २४.

दोन ठिकाणी हात अडखळतो.

पहिलं, १८ रुपये परत मिळाले म्हणून सूटचे गुण द्यायचे का? नाही. प्रश्न पहिल्या बिलाबद्दल आहे. तुम्ही लेबल वाचून गेला होतात म्हणून ते कळलं. तुमच्या मागच्या गिऱ्हाइकानं झाऱ्याचे १८० च दिले असते. दुरुस्ती किती नीट झाली ते वागणुकीत मोजलं जाईल.

दुसरं, सूट बसली नाही म्हणजे किंमतही चुकली, म्हणून ‘मूळ किंमत’ प्रश्नाचेही १० कापायचे का? तेही नाही. मूळ किंमत १८० बरोबरच होती. चूक सूट लावण्यात होती आणि तिला स्वतःचा रकाना आहे. एका घटनेचे गुण एकदाच जातात, आणि ते तिच्या सर्वांत जवळच्या प्रश्नात.

आणखी काही गोष्टी बिलावर चुकीच्या वाचल्या जातात. बिलाखाली सीजीएसटी आणि एसजीएसटीचे आकडे दिसतात. दुकानाच्या बिलात ते बहुधा किमतीच्या आतलेच असतात, कारण एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. ते पुन्हा बेरजेत घालून ‘बिल जुळत नाही’ असं लिहू नका. मात्र एमआरपीच्या वर कर लावून रक्कम वाढवली असेल, तर ती खरी आणि गंभीर चूक आहे. एमआरपीपेक्षा कमी घेतलं तर ती चूक नव्हे, पण शेल्फवर लिहिलेल्या किमतीशी जुळलं का ते बघा. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का असा प्रश्न असेल, तर तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ नं सुरू होतो.

न विचारता पिशवी टाकून तिचे पैसे लावले, तर ‘वस्तू आणि नग’ या प्रश्नात ‘नाही’ येतं, कारण तुम्ही न मागितलेली वस्तू बिलात आली. ‘पिशवी देऊ का, दहा रुपये’ असं विचारून लावले तर नाही. मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असा हट्ट झाला, तर तो बिलाच्या अचूकतेत न कापता वागणुकीत नोंदवा. असा हट्ट करू नये अशी सूचना ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ मध्ये दुकानदारांना दिलेली आहे.

> तपासणी: बिलाचा फोटो त्याच दिवशी घ्या, सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा. थर्मल कागदावरची शाई फिकी पडते, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर फार लवकर. दुरुस्त बिल मिळालं असेल तर दोन्ही बिलं लागतात. पहिलं काउंटरवर परत घेणार असतील, तर आधी फोटो काढा.

## टप्पा ६: वागणूक (२० गुण)

वागणूक म्हणजे ‘मला कसं वाटलं’ असा समज आहे. फॉर्मला ते नको असतं. ‘उद्धट होता’ हे मत झालं. ‘उत्तर देताना फोनकडे बघत होता, दोनदा विचारल्यावर बोलला’ ही पाहिलेली गोष्ट झाली. गुण दुसऱ्या प्रकारच्या वाक्यावर बसतात.

फॉर्ममध्ये होतं: सेल्समन समोर बघून शांतपणे बोलला का (५), कॅशिअरनं गिऱ्हाइकाशी बोलून व्यवहार केला का (५), तक्रार वाद न घालता ऐकली का (६), निघताना आभार किंवा निरोपाचा शब्द मिळाला का (४).

सेल्समनचे ५ मिळाले. कॅशिअर शेजारच्या काउंटरवरच्या मुलाशी सुट्टीच्या पाळ्यांबद्दल बोलत होती. बिल देईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही, रक्कमही सांगितली नाही. ०. झाऱ्याचं सांगितल्यावर मात्र तिनं ‘असं कसं होईल’ वगैरे काही न म्हणता लगेच सुपरवायझरला हाक मारली, आणि त्यानंही तुमच्याकडे पुरावा मागितला नाही. ६. सुपरवायझर म्हणाला, ‘सॉरी मॅडम, या परत.’ ४. एकूण १५.

हीच कॅशिअर एका प्रश्नात शून्यावर आहे आणि पुढच्या प्रश्नात पूर्ण गुणांवर. बऱ्याच शॉपरना हे विसंगत वाटतं आणि ते दोन्हीकडे ‘नाही’ करून टाकतात, किंवा शेवट गोड झाला म्हणून दोन्हीकडे ‘हो’. तसं करू नका. तिला काय सुधारायचं आणि काय चालू ठेवायचं हे या दोन वेगळ्या आकड्यांतूनच दिसतं.

भाषेबद्दलही विचारलं जातं. तुम्ही मराठीत बोललात आणि समोरच्यानं हिंदीत उत्तर दिलं, तर गुण आपोआप कापू नका. ब्रीफमध्ये भाषेचा प्रश्न असेल तरच तो मोजा. नसेल तर शेऱ्यात एका ओळीत लिहा.

## टप्पा ७: बेरीज

भाग पुन्हा मांडू. स्वागत २० पैकी १४. माहिती २६ पैकी २०. बिल ३० पैकी २४. वागणूक २० पैकी १५. मिळालेले ७३, शक्य ९६. टक्केवारी ७६.०.

आता चुकीच्या पद्धतीनं हेच किती झालं असतं बघा. ‘लागू नाही’ ऐवजी ‘नाही’ लिहिलं असतं तर १०० पैकी ७३. सूटची चूक ‘मूळ किंमत’मध्येही कापली असती तर ९६ पैकी ६३, म्हणजे ६५.६ टक्के. दुकान तेच, माणसं तीच, भेट तीच, आणि एका दुहेरी कपातीनं दहा टक्क्यांहून जास्त फरक. ७० ची पास-रेषा असेल तर दुकान नापास झालं असतं.

काही एजन्सी ‘लागू नाही’चे गुण त्याच भागातल्या उरलेल्या प्रश्नांवर वाटतात, म्हणजे भागाचं वजन ३० च राहतं. तसं केलं तर माहितीचे २६ पैकी २० म्हणजे ३० पैकी २३.१, आणि एकूण ७६.१. इथे फरक नगण्य आहे, पण ‘लागू नाही’ जास्त असतील तर वाढतो. कोणती पद्धत ते एजन्सीकडून आधी कळून घ्या. सॉफ्टवेअर बेरीज करत असेल तरी एकदा हातानं करून बघा. भलत्या रकान्यात टिक पडली असेल तर ती अशीच सापडते.

## टप्पा ८: शेरे आणि पाठवण्यापूर्वीची नजर

रिपोर्ट त्याच रात्री भरा. दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःहून गोष्टी नीटनेटक्या करायला लागते, आणि सेल्समनचं वाक्य तुमच्या शब्दांत बदलतं.

प्रत्येक ‘नाही’ला एक शेरा हवाच. त्यात कोण, कधी आणि नेमकं काय एवढं असावं. आपल्या वॉरंटीच्या प्रश्नाचा शेरा असा: ‘कुकर विभागातील सेल्समन (नेमटॅग नाही, चष्मा, अंदाजे ३० वर्षे) वॉरंटीबद्दल म्हणाला, “पाच वर्षं, सगळ्यावर.” कार्डानुसार रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह वगळले आहेत. कालावधी बरोबर सांगितला.’ एवढंच. ‘अशा माणसांना ट्रेनिंग द्यायला हवं’ हे वाक्य काढून टाका. ते ठरवणं तुमचं काम नाही.

पाठवण्यापूर्वी रिपोर्टमध्ये तीन विसंगती शोधा. वेळा एकमेकींशी जुळतात का: बिलावर छापलेली वेळ तुमच्या ‘रांग’ आणि ‘बिल’ या मेसेजांच्या मध्ये पडते का? शेरा आणि गुण एकच सांगतात का: ‘हो’पुढे ‘पण जरा उशिरा’ असा शेरा असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे. आणि एकच घटना दोन ‘नाहीं’च्या शेऱ्यांत आली आहे का: आली असेल तर त्यातला एक ‘नाही’ बहुधा जागा चुकलेला आहे.

तपासणाऱ्यांचा फोन किंवा मेल आला तर मेसेज, रेकॉर्डिंग आणि बिलं समोर ठेवूनच उत्तर द्या. नोंदीत नसलेली गोष्ट विचारली तर ‘ते मी टिपलेलं नाही’ असं सांगा. मी तो प्रश्न तसाच सोडते आणि बाकीचा रिपोर्ट पास करते. तीन दिवसांनी आठवून दिलेलं उत्तर मात्र मी कधीच चढवत नाही.